बदाम पाठवला, पण ऐकले कोणी?



गेल्या श्रावणात माझ्या वाढदिवसाच्या दिवशी मी एका म्हाताऱ्या बाईला मोबाईलवरून लाल बदाम पाठवला, आणि त्या बदामामुळे तिचे निराधाराचे पैसे आणखी महिनाभर अडकून राहिले. चूक बँकेची नव्हती, तहसीलचीही नव्हती. ती माझी होती. म्हणून ती आधी सांगतो आणि मग तिच्यावरून जो विचार करावा लागला तो तुमच्यापुढे ठेवतो.

मी आंधळगावचा. मोहाडी तालुक्यातले हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. नोकरीसाठी रोज भंडाऱ्याला जातो, संध्याकाळी परत येतो, आणि वस्तीतल्या लोकांचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म असली कामे करून देतो. त्यामुळे माझा नंबर बहुतेक घरांत सेव्ह आहे. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी स्टेटस ठेवला: विहारासमोरचा एक फोटो, खाली दोन ओळी. दुपारपर्यंत शुभेच्छांचा पाऊस पडला. कोणी स्टेटसवरच बोट दाबून टाळ्या पाठवल्या, कोणी 'हॅपी बर्थडे दादा' लिहिले, कोणी तयार चित्र पाठवले, आणि वीसेक जणांनी माझा जुनापुराणा फोटो शोधून स्वतःच्या स्टेटसला लावला. आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण दिवस कामाचा होता. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक चॅट उघडत गेलो आणि बदाम, हात जोडलेले, बदाम, हात जोडलेले असे टाकत सुटलो. अर्ध्या तासात सगळे संपले आणि एक ओझे उतरल्यासारखे वाटले.

त्यात मोठीमायचा निरोप होता. ती माझी सख्खी मोठीमाय नाही, वस्तीच्या नात्याने. वय सत्तरीच्या पुढे, उभा जन्म बिड्या वळण्यात आणि दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करण्यात गेलेला. लिहिता येत नाही. सही म्हणून अंगठा. पण नातवाने तिला माइक दाबून बोलायला शिकवले आहे. तिने एक्केचाळीस सेकंदांचा आवाज पाठवला होता. मी तो न ऐकता त्यावर बदाम टाकला. ती बिचारी शुभेच्छाच देत असणार, ऐकायचे काय त्यात, असे मनात आले आणि मी पुढच्या चॅटवर गेलो.

महिन्याभराने रस्त्यात तिचा नातू भेटला. म्हणाला, "दादा, आजी वाट पाहून रायली तुमची." घरी गेलो. मोठीमायने कोनाड्यातून घडी घातलेला कागद काढला. श्रावणबाळ योजनेचे पैसे आता थेट आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात, आणि तिचे खाते आधारशी जोडलेलेच नव्हते. तो जोडणीचा फॉर्म भरून बँकेत द्यायचा होता. मी नेहमी करून देतो तसले, जेमतेम तासाभराचे काम. पैसे दोन महिन्यांपासून बंद होते, आता तिसरा महिनाही कोरडा गेला होता.

मी म्हणालो, "मोठीमाय, मले फोन काहून नाई केला?"

ती म्हणाली, "तुले सांगतलं होतं ना बेटा, वाढदिवसाच्या दिवशीच. अन् तू बदाम धाडला. म्या म्हटलं, आयकलं पोरानं. येईन आता."

तिथेच बसून मी तो आवाज ऐकला. सुरुवातीची पंधरा सेकंदे आशीर्वाद होते. मग ती थांबली होती, आणि नंतर म्हणाली होती, "आन हे पाय बेटा, बँकेतला पैसा दोन मयन्यापासून आला नाई. एक कागद देल्ला हाय. एखाद्या दिवशी येऊन पाहून देजो." नातू शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, माइक निळा नव्हता झाला." आपण पाठवलेला आवाज समोरच्याने वाजवला की आपल्याकडे त्या निरोपावरचे माइकचे चिन्ह निळे होते, हे त्याला ठाऊक होते. बदाम आला आहे आणि माइक निळा नाही, म्हणजे दादाने न ऐकताच बदाम दिला आहे, हे त्या पोराने त्याच दिवशी ओळखले होते. आजीला मात्र त्याने सांगितले नाही. माझी लाज त्याने राखली होती.

मित्रांनो, या प्रसंगाने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही की प्रतिक्रिया म्हणजे उत्तर नसते, ती पोच असते. रजिस्टर पत्र घेताना आपण पोस्टमनच्या कागदावर सही करतो, तशी. पत्र मिळाले, एवढाच त्या सहीचा अर्थ. पण समोरचा माणूस त्या सहीचा अर्थ 'वाचले, समजले' असा घेतो, आणि तो तसा घेणारच. न वाचता दिलेली पोच ही खोटी पोच असते. मी मोठीमायला काहीच पाठवले नसते तर बरे झाले असते. दोन दिवस वाट पाहून तिने फोन केला असता किंवा नातवाला पाठवले असते. माझ्या गप्प बसण्याने तिचे जेवढे नुकसान झाले नसते, तेवढे माझ्या बदामाने केले.

त्या रात्री मी वाढदिवसाच्या दिवसाचे सगळे चॅट पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. मनात धरून बसलो होतो की घाईत सगळ्यांनाच सारखे वागवले गेले असेल. तसे नव्हते. सगळ्यांना बदाम गेला नव्हता. अकरा जणांना मी शब्द लिहिले होते. कोण होते ते अकरा? एक तालुक्याचा पुढारी, दोन अधिकारी, एक प्राध्यापक, नागपूरचे तीन-चार कार्यकर्ते ज्यांच्या ओळखीचा मला उपयोग होतो, आणि राहिलेले जवळचे मित्र. पुढाऱ्याने काय पाठवले होते? एक तयार चित्र, ज्यात त्याचा स्वतःचा फोटो माझ्या नावापेक्षा मोठा होता. बहुधा त्याच्या कार्यालयातला पोरगा असली चित्रे रोज पाच-पन्नास पाठवत असेल. त्याला मी लिहिले होते, 'आदरणीय साहेब, आपल्या शुभेच्छा आणि मार्गदर्शन असेच पाठीशी राहो.' आणि वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका पोराने सहा ओळी लिहिल्या होत्या. मी दोन वर्षांपूर्वी त्याचा जात पडताळणीचा अर्ज भरून दिला होता, त्याची आठवण काढली होती, आता शेवटच्या वर्षाला आहे असे सांगितले होते. त्याला मी बदाम टाकला होता.

म्हणजे ज्याने बोट दाबले त्याला मी शब्द दिले आणि ज्याने शब्द दिले त्याच्यापुढे मी बोट दाबले. वेळ नव्हता हे खरे. पण नसलेला वेळ नेमका कोणाच्या वाट्याचा कापला गेला, हा प्रश्न आहे. तो खालच्यांच्या वाट्याचा कापला गेला. हे मी ठरवून केले नव्हते. बोटाला सवय होती. आणि ठरवून न करता हातून आपोआप घडणारी उतरंड कशी असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

कोणाच्या अभिवादनाला कोणते उत्तर द्यायचे, हे या देशात कधीच साधे शिष्टाचाराचे प्रकरण नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात भेट झाल्यावर कोणाची विचारपूस कशी करायची याचा नियम आहे. ब्राह्मणाला 'कुशल' विचारायचे, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य'. चारही शब्दांचा अर्थ जवळपास एकच, तू बरा आहेस ना? तरीही चार वर्णांना चार वेगळे शब्द. म्हणजे काय विचारले यापेक्षा कोणत्या पायरीवरच्या माणसाला विचारले, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, ही त्यामागची सोय. वर्णाबाहेर ढकललेल्यांसाठी तर त्या यादीत शब्दच नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हाही नियम होता.

आणि हे केवळ ग्रंथात राहिले नाही. १७७९ साली, पेशव्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार जातीला 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरायला बंदी केली. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात ही हकीगत मुद्दाम दिली आहे. नमस्कार म्हणण्याने कोणाची जमीन जात नव्हती की तिजोरी रिकामी होत नव्हती. तरी दोन सरकारांना त्यात लक्ष घालावेसे वाटले, कारण बरोबरीचा शब्द वापरणारा उद्या बरोबरीचे उत्तर मागतो. आपल्या आजोबा-पणजोबांना पाटलापुढे 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. त्यावर उलट 'जोहार' येत नसे. आलीच तर मान हलायची, नाहीतर काम सांगितले जायचे. (आपल्या आदिवासी बांधवांचा जोहार वेगळा. तो एकमेकांना घातलेला, बरोबरीचा आहे.) विचार करा, शब्दाला मानेने उत्तर देणे म्हणजे आजच्या भाषेत काय? खालून पूर्ण वाक्य जाते आणि वरून एक खूण येते.

याच जागी आपला 'जय भीम' उभा राहिला. हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. आपल्याच विदर्भातला हा कार्यकर्ता, १९३७ साली मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात गेला. असे सांगतात की मुस्लिम बांधवांच्या 'सलाम आलेकुम' आणि 'वालेकुम सलाम' या जोडीवरून त्यांना ही कल्पना सुचली, आणि सुरुवातीला 'जय भीम' म्हणणाऱ्याला 'बल भीम' असे उत्तर द्यावे असा विचार होता. पुढे 'बल भीम' मागे पडले आणि 'जय भीम'ला 'जय भीम' हेच उत्तर राहिले. मला यातली खुबी त्या रात्री पहिल्यांदा जाणवली. या अभिवादनाचे उत्तर तेच अभिवादन आहे. कलेक्टरने म्हटले तरी तेच, बिडी वळणाऱ्या बाईने म्हटले तरी तेच. उत्तर कोणाला कोणते द्यायचे हे ठरवायची जागाच त्यात ठेवलेली नाही.

आणि मी? मोठीमायच्या आवाजातला पहिला शब्द 'जय भीम' होता. त्याला मी खूण दिली होती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येकाला चार ओळींचे उत्तर लिहीत बसायचे का? चळवळीची कामे टाकून? नाही. माझे म्हणणे तसे अजिबात नाही. प्रतिक्रिया ही वाईट वस्तू नाही, ती कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही एवढेच ओळखायचे आहे. आणि ते ओळखायची खूण एकच: समोरच्याने काय केले ते पाहा, समोरचा कोण आहे ते पाहू नका.

स्टेटस म्हणजे चौकातला फलक. १४ एप्रिलला कोणी आपल्या स्टेटसला 'भीमजयंतीच्या मंगलमय शुभेच्छा' असे ठेवतो तेव्हा ते त्याच्या यादीतल्या सगळ्यांसाठी असते. तो फलक चोवीस तासांनी आपोआप उतरतो. त्याला तुम्ही काहीच दिले नाही तरी अपमान होत नाही. जाता जाता हात वर करावा तसे हात जोडलेले दाबले तरी पुरे. २०२४ पासून तर स्टेटसवर नुसते हिरवे बदाम दाबायची सोय आली आहे. ते चॅटमध्ये जातही नाही, कोणी पाहिले त्या यादीत आपल्या नावापुढे दिसते, बस. फलकाला एवढे उत्तर योग्यच आहे. उलट प्रत्येक फलकाला लांबलचक उत्तर देणारा माणूस समोरच्याच्या चॅटमध्ये गर्दी करतो.

तसेच उलट्या बाजूने. तुमच्या स्टेटसवर कोणी नुसत्या टाळ्या दाबल्या, त्याला परत काही पाठवायची गरज नाही. त्याने पोच दिली, तुम्हाला मिळाली. पोचेची पोच द्यायला लागलो तर संध्याकाळ होईल. तयार चित्र पाठवणाऱ्याला एक बदाम पुरे, मग तो वर्गमित्र असो की आमदार. पुढाऱ्याला मी तेव्हा लिहिलेले वाक्य मला आज खटकते ते यासाठीच. त्याने दिले तेवढेच त्याला परत गेले असते तर त्यात त्याचा अवमान नव्हता.

पण ज्याने स्वतः काही केले, त्याला शब्द दिले पाहिजेत. स्वतः म्हणजे काय? तुमचे नाव घेऊन स्वतःची दोन वाक्ये लिहिली, जुनी आठवण काढली, किंवा आवाज पाठवला. लिहिता न येणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे त्याचे हाताने लिहिलेले पत्रच आहे. त्याला उत्तरही आवाजानेच द्यावे. लिहून पाठवलेला मजकूर त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि चिन्हाचा अर्थ तो आपल्या परीने लावतो. मोठीमायने बदामाचा अर्थ 'ऐकले, येतो' असा लावला. माझ्या एका काकाजींना कोणीतरी अंगठ्याचे चिन्ह पाठवले तर ते दोन दिवस रुसून बसले होते. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे हात वर करणे, फसवणे. ज्याच्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले, त्याला त्या चिन्हात 'छान' दिसत नाही. चूक त्यांची नाही.

आणखी एक ठिकाण आहे जिथे प्रतिक्रिया कधीच पुरत नाही: शुभेच्छेच्या आड काही विचारलेले असते तिथे. आपल्या माणसांना थेट मागायचा संकोच असतो. वाढदिवस, जयंती, नोकरी लागल्याची बातमी, ही त्यांना बोलायची निमित्ते असतात. आधी शुभेच्छा देतात, मग 'आणि हो', 'एक सांगायचं होतं', 'वेळ मिळाला तर' असे म्हणून खरी गोष्ट येते. ती बहुधा शेवटी असते. म्हणून लांब निरोप असेल तर निदान शेवट वाचल्याशिवाय, आवाज असेल तर पूर्ण ऐकल्याशिवाय बोट उचलायचे नाही. ऐकायला आत्ता वेळ नसेल तर काहीच पाठवू नका. न उघडलेला निरोप रात्री तुम्हाला आठवण करून देईल. बदाम टाकलेला निरोप मात्र तुमच्या मनातून कायमचा उतरतो. नेमका हाच धोका आहे. प्रतिक्रिया समोरच्याला फसवते त्याच्या आधी आपल्याला फसवते. काम झाले असे वाटायला लावते.

दुसऱ्यांनी आपला फोटो स्वतःच्या स्टेटसला लावला असेल तर काय करायचे, हा आपल्या तरुणांत रोजचा प्रश्न आहे. इथे मी एक चूक अनेक वर्षे करत आलो. जे स्टेटस मला दिसले त्यांचे स्क्रीनशॉट काढून मी माझ्या स्टेटसला लावायचो, 'मनःपूर्वक आभार' म्हणून. पण सगळ्यांचे लावत नसे. वजनदार माणसांचे लावायचो. म्हणजे चॅटमध्ये खासगीत जी उतरंड होती ती मी चौकात मांडून ठेवत होतो. ज्या पोराने सकाळी सहाला उठून माझा फोटो कापून, निळी किनार लावून स्टेटस ठेवला, तो माझ्या स्टेटसवर स्वतःला शोधत असणार आणि त्याला पुढारी दिसत असणार. आता मी ठरवले आहे, लावायचे तर सगळ्यांचे, नाहीतर कोणाचेच नाही. वीस जणांचे लावणे जमत नाही, म्हणून कोणाचेच लावत नाही. ज्याचा दिसला त्याला त्याच्या स्टेटसवरूनच दोन शब्द लिहितो. ते त्याच्या चॅटमध्ये त्या स्टेटससह पोचतात, म्हणजे कशाबद्दल आभार मानले हे त्याला कळते.

आणि ज्याचा दिसला नाही त्याचे काय? एकमेकांचे नंबर दोघांकडेही सेव्ह नसतील तर स्टेटस दिसतच नाही. त्यामुळे 'मी टाकला होता, तू साधा पाहिलाही नाहीस' असा रुसवा पुष्कळदा खोट्या पायावर उभा असतो. असा रुसवा कानावर आला तर सफाई देत बसण्यापेक्षा नंबर सेव्ह करून एक फोन करावा. रात्री एकच सामुदायिक आभाराचा स्टेटस ठेवणेही चांगले, पण त्याची मर्यादा ओळखून. तो टाळ्या दाबणाऱ्यांसाठी पुरतो. मोठीमाय स्टेटस पाहत नाही. तिच्यापर्यंत तो पोचत नाही.

सगळे दिवस शुभेच्छांचे नसतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. दरवर्षी ६ डिसेंबरला दोन-चार स्टेटसवर 'महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असे दिसते. ठेवणारा बहुधा शाळकरी पोरगा असतो, दुसऱ्या दिवसासाठी केलेल्या चित्रावर तारीख बदललेली. त्याखाली चौकात त्याची खिल्ली उडवू नका. चॅटमध्ये जाऊन लिहा, 'भाऊ, आज अभिवादन लिहितात, शुभेच्छा नाही.' तो पाच मिनिटांत बदलतो. प्रतिक्रियांचेही तसेच. स्टेटसखाली जी तयार चिन्हांची ओळ येते त्यात हात जोडलेले आणि रडणारा चेहरा यांच्याच रांगेत खदाखदा हसणारा चेहरा आणि पार्टीचा भोंगा बसलेला आहे. बोट घसरले की अभिवादनावर हसू जाते.

आमच्या तालुक्यात आणखी एक तारीख आहे, २९ सप्टेंबर. २००६ साली त्या दिवशी इथून जवळच्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या दिवशी कोणी स्टेटस ठेवला तर मी त्यावर काहीही दाबत नाही. कोणतेही चिन्ह तिथे लहान पडते. ज्याने ठेवला तो गावातला असेल तर संध्याकाळी भेटतो, बाहेरचा असेल तर 'जय भीम' एवढेच लिहितो. त्याला उत्तर नको असते. आपण एकटे आठवत नाही आहोत, एवढे त्याला कळायला हवे असते, आणि त्यासाठी शब्दच लागतात.

आपल्यातले तरुण मला म्हणतात, "दादा, आमच्यात बदाम म्हणजे पूर्ण उत्तर असतं. तुम्ही उगाच मनावर घेता." मला ते मान्य आहे. दोघांनाही चिन्हाचा अर्थ सारखाच कळत असेल आणि दोघेही एकमेकांना बदामच देत असतील तर त्यात उणे काहीच नाही. ती त्यांची बरोबरीची भाषा आहे. माझा आक्षेप चिन्हाला नाही, एकतर्फीपणाला आहे. तुम्हीच एकदा तपासून पाहा. तुमचा मागचा वाढदिवस किंवा मागची १४ एप्रिल काढा आणि चॅट वाचत खाली या. शब्द कोणाकोणाला गेले आणि खूण कोणाकोणाला गेली, एवढे फक्त पाहा. ज्यांना शब्द गेले ते सगळे तुमच्या वर असतील किंवा कामाचे असतील, आणि ज्यांना खूण गेली ते तुमच्यावर विसंबून असतील, तर जी रेघ आपण भाषणात पुसतो ती मोबाईलमध्ये शाबूत आहे असे समजा.

वसतिगृहातल्या त्या पोराला मी महिना उलटल्यावर उत्तर लिहिले. उशीर झाला हे आधी कबूल केले आणि पुढे काय करणार आहेस ते विचारले. दहा मिनिटांत उत्तर आले. त्याला शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीची एक अडचण होती, वाढदिवसाच्या दिवशी विचारणे बरे दिसणार नाही म्हणून तो थांबला होता. म्हणजे तिथेही आड काहीतरी होतेच.

मोठीमायचा फॉर्म आम्ही दुसऱ्या दिवशी बँकेत दिला. खाते जोडले गेले आणि पुढच्या महिन्यापासून पैसे यायला लागले. मधल्या महिन्यांसाठी अर्ज लावला आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. त्या दिवशी बँकेतून परत येताना मी तिला म्हणालो, "मोठीमाय, चुकलो मी. आयकलं नव्हतं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता आयकत जाजो बाप्पा. बदाम नाई धाडला तरी चालते."

या वर्षीचा वाढदिवस झाला तेव्हा तिचा आवाज पुन्हा आला. या वेळी बारा सेकंदांचा. नुसता आशीर्वाद होता, मागे काही नव्हते. मी पूर्ण ऐकला, मग माइक दाबून म्हणालो, "जय भीम मोठीमाय." थोड्या वेळाने नातवाचा निरोप आला: 'दादा, निळा झाला.' त्यावर मात्र मी बदाम टाकला. तिथे तेवढा पुरे होता.

जय भीम.